दप्तरखान्यासाठी स्टीम ह्युमिडिफायर: ३० किलो कुठून आले, आणि ५ किलो का पुरतात

प्रश्न: पुण्यात आमच्या संस्थेचा दप्तरखाना आहे, १२ × ८ × ३.५ मीटर, मोडी कागद आणि जुन्या बांधीव वह्या. २२ डिग्रीला ५० टक्के आरएच, म्हणजे सापेक्ष आर्द्रता, हवाय, ±३. एएचयू, म्हणजे हवा गार करून फिरवणारं युनिट, २००० सीएफएमचा आहे, चिल्ड वॉटरवर. फेब्रुवारी ते मे आरएच २५-३० वर येतो. व्हेंडरने ३० किलो/तासाचा इलेक्ट्रोड स्टीम ह्युमिडिफायर कोट केलाय. बरोबर आहे का? लोडचा हिशोब कसा करतात?

उत्तर:

३० किलो फार म्हणजे फारच जास्त झाला. माझ्या हिशोबाने ५ किलोचं मशीन तुम्हाला पुरून उरेल, आणि तेही इलेक्ट्रोड नको, हीटरवालं घ्या. पण खरं सांगायचं तर तुमचा प्रॉब्लेम ह्युमिडिफायरच्या आधी कूलिंग कॉइलमधे आहे, ते नीट नाही केलं तर ३० किलोचं मशीनही कमी पडेल आणि वर डक्टमधून पाणी टपकेल. कसं ते सांगतो.

आधी बाहेरच्या हवेचं बघू. आपल्याकडे बरेच जण परदेशी कॅटलॉग बघून हिशोब करतात आणि त्यात डिझाइनसाठी सगळ्यात थंड रात्र घेतलेली असते. पुण्यात ते चालत नाही. डिसेंबरच्या पहाटे १० डिग्री आणि ७५ टक्के आरएच असेल तर त्या हवेत किलोला साधारण ६ ग्रॅम पाणी असतं, आणि मार्चच्या दुपारी ३७ डिग्री आणि १२ टक्क्याला फक्त ५ ग्रॅम. म्हणजे आपली सगळ्यात कोरडी हवा थंडीत नाही, भर उन्हात मिळते. आरएच आणि तापमान वेगवेगळं बघत बसू नका, ड्यू पॉइंट, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, किंवा ग्रॅम प्रति किलो बघा, वर्षातला सगळ्यात कमी आकडा कुठल्या तासाला येतो ते शोधा, तो तुमचा डिझाइनचा तास.

आणि हा ५ ग्रॅमचा आकडा मी हवेतून काढलेला नाही, तुमच्याच प्रश्नात तो आहे. खोली २२ डिग्रीला आहे, ह्युमिडिफायर नाही, आत पाण्याचा दुसरा सोर्स नाही, म्हणजे काही दिवसांत आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच ओली किंवा कोरडी होणार. ५ ग्रॅमची हवा २२ डिग्रीला आणली की आरएच येतो साडेअठ्ठावीस टक्क्याच्या आसपास. तुम्ही २५-३० म्हणताय. जुळलं.

आता आत किती पाहिजे? २२ डिग्री, ५० टक्के. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवेचा दाब ९४.८ किलोपास्कलच्या आसपास, त्यामुळे इथे हे ८.८ ग्रॅम प्रति किलो होतात. समुद्रसपाटीच्या चार्टवर तुम्हाला ८.२ दिसेल. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, फक्त गल्लत करू नका. पुण्याचा ८.८ घेतला तर हवेची घनता पुण्याची १.१ घ्या, चार्टचा ८.२ घेतला तर चार्टचीच १.२ घ्या आणि बाहेरचा आकडाही त्याच चार्टवरून वाचा, उत्तर जवळपास सारखं येतं. इकडचा एक आणि तिकडचा एक घेतला की आठ-दहा टक्के फरक पडतो आणि मग लोक त्याला सेफ्टी फॅक्टर म्हणतात.

म्हणजे बाहेरून आत आलेल्या प्रत्येक किलो हवेला ८.८ वजा ५, म्हणजे ३.८ ग्रॅम पाणी द्यायचंय. फॉर्म्युला एवढाच:

```
m = V × 1.1 × (8.8 − 5.0) / 1000    (kg/h)
V = fresh air + infiltration        (m³/h)
```

इथे V मधे काय घालायचं यावरच सगळं अवलंबून आहे. माझा अंदाज, तुमच्या व्हेंडरने अख्खे २००० सीएफएम घातलेत. २००० सीएफएम म्हणजे ३४०० घनमीटर तासाला, म्हणजे ३७४० किलो हवा, गुणिले ३.८ केलं की १४.२ किलो होतात, त्याला दोनचा फॅक्टर लावला की २८, आणि वरचा साइझ ३०. पण ते २००० सीएफएम फिरतंय, बाहेरून येत नाहीये. खोलीतलीच हवा कॉइलवरून जाऊन परत खोलीत येते, तिला एकदा पाणी दिलं की ते तिच्यातच राहतं. नवीन पाणी फक्त नवीन हवेला लागतं.

दप्तरखान्यात दिवसाला दोन-तीन माणसं जातात, १०० सीएफएम फ्रेश एअर भरपूर झाली, म्हणजे १७० घनमीटर. त्याचे १८७ किलो, गुणिले ३.८, झाले ०.७१ किलो तासाला. मग इन्फिल्ट्रेशन, म्हणजे दारं, खिडक्यांच्या फटी, केबलची भोकं. तुमची खोली ३३६ घनमीटरची, तासाला ०.३ वेळा हवा बदलते असं धरलं तर १०० घनमीटर, त्याचे ०.४२ किलो. दोन्ही मिळून १.१३ किलो. बस. आणि १०० सीएफएमने खोली थोडी प्रेशराइझ राहिली तर दुसरा आकडा अजून कमी होईल. दार दिवसभर उघडं टाकून कोणी स्टुलावर बसत असेल तर मात्र हा हिशोब विसरा, आधी दाराला क्लोजर लावा. शंभर सीएफएमचा डॅम्परही एकदा अॅनिमोमीटरने मोजून घ्या, कारण ड्रॉइंगवर १०० आणि प्रत्यक्षात ४०० हे मी किती वेळा बघितलंय त्याची मोजदाद नाही, आणि ४०० असेल तर तुमचा लोड सरळ दोन किलोने वाढतो.

इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. आता जे सुटतं ते.

युरोपात ह्युमिडिफायर चालतो तेव्हा हीटिंग चालू असतं, त्यामुळे त्यांच्या हिशोबात कूलिंग कॉइल नसते. आपल्याकडे ह्युमिडिफायर चालतो मार्चमधे, म्हणजे नेमका जेव्हा कूलिंगही चालू असतं. आणि कूलिंग कॉइल काय करते? हवा वाळवते. २२ डिग्री ५० टक्क्याचा ड्यू पॉइंट ११.१ डिग्री. कॉइलचा पृष्ठभाग ११.१ च्या खाली गेला की तुम्ही महागड्या विजेने केलेली वाफ कॉइलवर पाणी होऊन ड्रेनमधून गटारात जाणार.

किती जाणार ते तुमच्याच एएचयूवर बघू. समजा चिल्ड वॉटर ७ डिग्रीचं आहे आणि व्हॉल्व पूर्ण उघडा असताना हवा कॉइलमधून १० डिग्रीला, जवळपास सॅच्युरेट होऊन बाहेर पडते. अशा हवेत ७.७५ ग्रॅम राहतात. कॉइलवर येणाऱ्या मिक्स हवेत असतात ८.६ ग्रॅम. म्हणजे किलोमागे ०.८६ ग्रॅम कॉइलने खाल्ले, गुणिले ३७४० किलो, झाले ३.२ किलो तासाला. बाहेरच्या हवेचा लोड सव्वा किलोसुद्धा नव्हता, आणि कॉइल एकटी सव्वातीन किलो खातेय. एकूण ४.३ झाला. व्हॉल्व ऑन-ऑफ असेल तर हे सतत होणार नाही, व्हॉल्व उघडा असेल तेवढा वेळच होईल, पण तेवढ्या वेळात आरएच खाली आपटेल आणि व्हॉल्व बंद झाला की ओली कॉइल परत सुकताना तेच पाणी हवेत सोडेल, आरएच वर उडेल. ±३ ची आशा तिथेच संपली.

एका ठिकाणी (नाव नको) १५ किलोचा ह्युमिडिफायर फुल चालू, आणि खोली ४२ च्या वर जात नव्हती. तिथे दुसरा ह्युमिडिफायर घ्यायचं इंडेंटसुद्धा निघालं होतं. मी गेलो एप्रिलमधे दुपारी, बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं इतकं कोरडं, आणि एएचयूच्या ड्रेन पाइपमधून नळासारखी धार लागलेली. ऑपरेटरला म्हटलं बादली लाव. तासाभरात दहा लिटरची बादली भरून वाहायला लागली. तो ऑपरेटर म्हणाला साहेब ही तर रोजचीच आहे, आम्ही हे पाणी झाडांना घालतो. म्हणजे ताशी दहा किलो वाफ एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने काढायची, आणि कुंड्या मात्र हिरव्यागार. दुसरं मशीन घेतलं नाही. कॉइलच्या पाण्याचं तापमान वाढवलं, आणि तेच १५ किलोचं मशीन पाव लोडवर यायला लागलं.

तुमच्याकडे आत्ता ही बादली टेस्ट करून उपयोग नाही, कारण खोलीच २८ टक्क्यावर आहे, तिचा ड्यू पॉइंट तीन डिग्रीच्या आसपास, कॉइल कोरडीच असणार. त्यामुळे सध्या सगळं छान वाटेल. ह्युमिडिफायर लावला की ती घाम गाळायला लागेल. म्हणून आत्ता बादलीऐवजी कॉइलनंतरच्या हवेचं तापमान लॉग करा, दोन दिवस, दर मिनिटाला. ते ११-१२ च्या खाली जात असेल तर हा त्रास तुमच्या वाट्याला येणारच.

उपाय? खोलीला थंडी खरंच किती लागते ते बघा. आतल्या बाजूची, खिडक्या कमी असलेली ९६ चौरस मीटरची साठवणीची खोली, लाइट बहुतेक वेळ बंद, असं असेल तर ५ किलोवॅटच्या आसपास सेन्सिबल लोड असावा (तुमचा नीट काढून घ्या, छत थेट उन्हात असेल तर वाढेल). ३७४० किलो हवेने ५ किलोवॅट उचलायला सप्लाय १७ डिग्रीचा पुरतो. मग १० डिग्रीला नेऊन काय करायचंय? कोरड्या सीझनमधे कॉइलला १२-१३ डिग्रीचं पाणी द्या, मिक्सिंग व्हॉल्व आणि छोटा पंप लावून. नुसता मॉड्युलेटिंग व्हॉल्व लावून ७ डिग्रीचं पाणी कमी कमी सोडलं तर हवा सरासरी १७ ला येईल पण कॉइलचा पाणी आत येतो तो कोपरा ७-८ डिग्रीलाच राहतो आणि तिथे पाणी सुटत राहतं, हे लक्षात ठेवा. जून लागला की उलटं, तेव्हा बाहेरचा ड्यू पॉइंट २०-२२ च्या वर असतो, तेव्हा ७ डिग्रीचं पाणी आणि कॉइलनंतर रीहीट पाहिजेच. म्हणजे वर्षातून दोनदा मोड बदलायचा, पंचांग बघून नाही, बाहेरचा ड्यू पॉइंट ११-१२ च्या वर गेला की खाली यावरून.

आता मशीनचा साइझ. १.१३ किलो हवेचे, कॉइल सुधारूनही थोडं पाणी सुटणार म्हणून एक-सव्वा किलो धरा, झाले अडीचच्या आत. २५ टक्के मार्जिन लावलं तरी ३. बाजारात मिळणारा पुढचा साइझ ५ किलो, तो घ्या. विजेचं बघायचं तर एक किलो वाफेला साधारण पाऊण किलोवॅट लागतो, ५ किलोला पावणेचार, ३० किलोला साडेबावीस किलोवॅट. साडेबावीससाठी वेगळी केबल, वेगळा ब्रेकर आणि कदाचित सँक्शन्ड लोड वाढवायचा अर्ज.

पण मोठं मशीन घेऊ नका म्हणतोय ते बिलामुळे नाही. तुमच्या खोलीत हवा किती? ३३६ गुणिले १.१, म्हणजे ३७० किलो. आरएच एक टक्का वाढवायला किलोला ०.१८ ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे अख्ख्या खोलीचा आरएच एक टक्का वर न्यायला ६५ ग्रॅम पाणी पुरतं. अर्धा कप चहा पण नाही. ३० किलोचं मशीन फुलवर मिनिटाला ५०० ग्रॅम फेकतं. इलेक्ट्रोड मशीन साधारण २० टक्क्यापर्यंतच खाली येतात, म्हणजे ६ किलो, त्याच्या खाली ऑन-ऑफ. लोड सव्वा किलो आणि मशीन कमीत कमी ६ देणार, म्हणजे दर मिनिटाला ८० ग्रॅम जास्तीचे, सव्वा टक्का आरएच. सेन्सरला कळायला दोन-तीन मिनिटं, वर सिलिंडर बंद झाल्यावरही काही वेळ उकळत राहतो. तीन-चार टक्के ओव्हरशूट तिथेच झाला. ग्राफवर करवतीचे दात दिसतात. कागद थोडं शोषून घेतो त्यामुळे प्रत्यक्षात दात थोडे बोथट होतात, पण जे शोषलं गेलं ते तुमच्या मोडी कागदाच्या वरच्या थरानेच शोषलं ना, तेच तर टाळायचंय आपल्याला.

इलेक्ट्रोड की हीटर, याचं उत्तरही यातूनच निघतं. इलेक्ट्रोडमधे करंट पाण्यातूनच जातो, त्यामुळे किती वाफ निघेल हे पाण्याच्या कंडक्टिव्हिटीवर आणि सिलिंडरमधल्या लेव्हलवर ठरतं. बहुतेक कंपन्या साधारण १२५ ते १२५० मायक्रोसिमेन्सचं पाणी मागतात. आरओचं पाणी घातलं तर मशीन उकळतच नाही, बोअरचं घातलं तर सिलिंडर काही महिन्यांत क्षारांनी भरतो, आणि सॉफ्टनरचं घातलं तर फेस येतो. कॉर्पोरेशनचं पाणी आणि टँकरचं पाणी आलटून पालटून येत असेल तर दर आठवड्याला मशीनचं वागणं बदलतं. इलेक्ट्रोडचा फायदा म्हणजे स्वस्त, सिलिंडर फेकला नवा लावला, आणि पाणी संपलं तर आपोआप करंट थांबतो. ऑफिसला छान. ±५ ला ठीक. त्यापेक्षा बारीक कंट्रोल हवा असेल तर हीटरवालं, सॉलिड स्टेट रिलेवर चालणारं, जे जवळजवळ शून्यापासून शंभरपर्यंत सलग मॉड्युलेट होतं आणि आरओ किंवा डीएम पाण्यावर चालतं, म्हणजे क्षारही नाही आणि वारंवार ब्लोडाउनही नाही. ब्लोडाउन कमी असणं हे कंट्रोलसाठीही महत्त्वाचं, कारण गरम पाणी सोडून गार पाणी घेतलं की काही मिनिटं वाफ बंद पडते आणि आरएचमधे खड्डा दिसतो. डीएम पाण्यासाठी टाकी आणि फिटिंग स्टेनलेसची आहेत ना ते विचारा, असं पाणी पितळ-तांबं खातं.

कोणी म्हणेल शेजारी बॉयलर आहे, त्याची वाफ घ्या, फुकट. घेऊ नका. बॉयलरच्या पाण्यात गंज येऊ नये म्हणून अमाइन्स घालतात, ती वाफेबरोबर उडतात आणि कागदावर, फोटोवर, धातूवर जाऊन बसतात. घ्यायचीच असेल तर स्टीम-टू-स्टीम, म्हणजे बॉयलरची वाफ फक्त कॉइलमधून फिरवून वेगळं स्वच्छ पाणी उकळायचं.

डक्टमधे वाफ कुठे सोडायची हे सप्लायच्या तापमानावर ठरतं. खोली ५० वर ठेवायला सप्लायमधे ८.९ ग्रॅम लागतात. १७ डिग्रीच्या हवेत ते ६९ टक्के आरएच होतात, आरामात मावतात. १३ डिग्रीला ८९ टक्के, काठावर, डक्टच्या गार पत्र्यावर दव धरणार. १० डिग्रीला ती हवा एवढं पाणी धरूच शकत नाही, वाफ तिथल्या तिथे पाणी होऊन डक्टच्या तळाला. म्हणून म्हटलं की कॉइल सुधारल्याशिवाय ३० किलोचं मशीनही कमी पडेल, ते जास्त वाफ फेकेल आणि डक्ट जास्त टपकेल, खोली ४०-४२ वरच बसेल. वाफेची लान्स, म्हणजे डक्टमधे वाफ सोडणारी नळी, कॉइल आणि पंख्याच्या पुढे, सरळ डक्टमधे, एल्बो किंवा फिल्टरच्या आधी कंपनी सांगेल तेवढं अॅब्सॉर्प्शन डिस्टन्स सोडून. तेवढी सरळ जागा नसेल तर बऱ्याच नळ्यांचा मॅनिफोल्ड मिळतो, तो घ्या, महाग असतो पण फिल्टर ओला होण्यापेक्षा स्वस्त. स्टीम होजला मशीनपासून लान्सकडे सतत चढ पाहिजे, मधे झोळ पडला की तिथे पाणी साचतं, गुडगुड आवाज येतो आणि लान्समधून पिचकारी उडते. हा आवाज आला की आधी होज बघा, सर्व्हिसवाल्याला फोन नंतर.

लान्सनंतर तीनेक मीटरवर डक्टमधे हाय-लिमिट ह्युमिडिस्टॅट, ८५ टक्क्याला मशीन हार्डवायर्ड बंद करणारा. पंखा बंद असेल तर वाफ नाही, यासाठी एअरफ्लो स्विच, पंख्याच्या कॉन्टॅक्टरवर विसंबू नका कारण बेल्ट तुटला तरी कॉन्टॅक्टर ओढलेलाच असतो. आणि मशीन दप्तरखान्याच्या बाहेर. त्याला पाण्याची लाइन आहे, उकळत्या पाण्याचा ड्रेन आहे (साधा पीव्हीसी पाइप मऊ पडतो, तिथे गरम पाण्याला चालणारा पाइप लावा), हे कुठलंही कागदाच्या डोक्यावरून जाता कामा नये.

आता तुमच्या ±३ बद्दल. २२ डिग्रीला हवेतलं पाणी तसूभरही बदललं नाही आणि तापमान फक्त १ डिग्रीने वाढलं तर ५० चा आरएच ४७ होतो. म्हणजे तुमचे तिन्ही टक्के एका डिग्रीत गेले, ह्युमिडिफायरने काहीच चूक केली नाही तरी. वर चांगल्या सेन्सरचीही अचूकता ±२ टक्के असते. म्हणून तापमान ±०.५ मधे येत नाही तोपर्यंत ±३ आरएच कागदावरच राहतं. एसीवाल्यांची अमेरिकन संस्था ASHRAE, तिच्या सगळ्यात कडक वर्गात, AA मधे, अल्पकाळचा फरक ±५ टक्के आणि ±२ डिग्री आहे. स्पेसिफिकेशनमधे ±५ लिहा, जास्त प्रामाणिक होईल. मी तर म्हणेन सेटपॉइंटसुद्धा सीझनप्रमाणे सरकवा, मार्च-मे ४५, पावसाळ्यात ५५, मधे आठवड्याला अर्धा-एक टक्का. ४५ ला आत ७.९ ग्रॅम लागतात, हवेचा लोड लगेच पाव भागाने उतरतो आणि पावसाळ्यात डीह्युमिडिफिकेशनही कमी. ६५ च्या वर बुरशी, तिकडे मात्र जायचं नाही.

कंट्रोलरला ह्युमिडिफायर आरएचवर न चालवता खोलीच्या ड्यू पॉइंटवर चालवायला सांगा (५० टक्क्यासाठी ११.१ डिग्री), आणि तापमानाचा लूप तापमान सांभाळेल. नाहीतर काय होतं, कूलिंग दोन मिनिटं मागे पडलं, तापमान वाढलं, आरएच पडला, ह्युमिडिफायरला वाटलं पाणी कमी झालं, त्याने वाफ ओतली, मग कूलिंग आलं आणि आरएच ५६. दोघं एकमेकांवर कुरघोडी करत बसतात. ह्युमिडिफाय ४७ च्या खाली आणि डीह्युमिडिफाय ५४ च्या वर, मधे काहीच चालू नाही, असा मोकळा पट्टाही ठेवा. सेन्सर रॅकमधल्या गल्लीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सप्लाय ग्रिलच्या झोतात नको आणि बाहेरच्या भिंतीवर नको. सहा महिन्यांनी एकदा सेन्सर हवाबंद डब्यात मिठाच्या सॅच्युरेटेड लगद्यावर ठेवून बघा, लगदा ओलसर हवा, वर थोडं मीठ न विरघळलेलं दिसलं पाहिजे, २५ डिग्रीला ७५ टक्के दाखवला पाहिजे. साधं स्वयंपाकाचं मीठ ढोबळ तपासणीला चालतं.

शेवटचा मुद्दा, जो व्हेंडरने ३० किलो म्हणायचं खरं कारण असू शकतं: कागदाची तहान. कागद ३० वरून ५० टक्के आरएचला गेला की वजनाच्या ढोबळ दीड ते दोन टक्के पाणी पितो. तुमच्याकडे ३० टन कागद असेल तर हे साडेचारशे ते सहाशे किलो पाणी झालं. मशीनमधे दोन किलोची सवड असेल तर नुसतं एवढं पुरवायलाच दहा-बारा दिवस लागतील, आणि बस्ते-पेट्यांच्या आत पोचायला त्याहून कितीतरी जास्त. त्यासाठी मोठं मशीन घ्यायचं नाही. वाळलेल्या कागदाला झटक्यात पाणी पाजलं तर कडा फुगतात, मधला भाग कोरडा राहतो, पानं लाटांसारखी होतात, चामड्याच्या बांधणीचं तर विचारूच नका. सरळ ऑक्टोबरच्या शेवटी सिस्टिम सुरू करा. पावसाळ्यानंतर कागद आधीच ओलसर असतो, बाहेरची हवा हळूहळू कोरडी होत जाते, तोही ५०-५५ वर अलगद उतरतो, आणि ह्युमिडिफायरला फक्त पुढची घसरण थोपवायची असते. मार्चमधेच सुरू करावं लागलं तर सेटपॉइंट आत्ता जिथे आहे तिथून, म्हणजे २८-३० पासून, आठवड्याला दोन टक्के वर न्या.

आणि याच भरवशावर सांगतो, दुसरं स्टँडबाय मशीन घेऊ नका. एवढा कागद भरलेल्या बंद खोलीत ह्युमिडिफायर रात्रभर बंद पडला तर फ्रेश एअर डॅम्पर बंद करा, बाहेरच्या हवेचे ताशी १.१३ किलो होते त्यातले ०.७१ तिथेच वाचले, उरलेले कागद आपल्या शेकडो किलोंमधून देतो आणि त्याला ते कळतही नाही. डॅम्परला मोटर लावून तो ह्युमिडिफायरच्या फॉल्ट सिग्नलवर बंद होईल असं करा, दुसऱ्या मशीनपेक्षा खूप स्वस्तात होईल.

व्हेंडरकडून सुधारित कोट मागवताना त्याला कॉइलनंतरचं तापमान आणि फ्रेश एअरचं मोजलेलं सीएफएम लिहून द्या, आणि त्या दोन आकड्यांवरून त्याचा हिशोब लेखी मागा. जो हे दोन आकडे विचारतच नाही त्याच्याकडून मी तरी मशीन घेणार नाही.